लथा नव्हे, लता: वक्त्यांना धाडायच्या एका पत्राविषयी

परिसंवादाच्या आयोजनात नवीन माणूस आला की त्याच्या गळ्यात पहिलं काम पडतं ते बहुधा हेच. "वक्त्यांना मेल टाक, छोटा परिचय मागव, आणि हो, नावाचा उच्चारही विचारून घे." मलाही हेच सांगितलं होतं. काम दहा मिनिटांचं वाटलं, म्हणून दहा मिनिटांत उरकलं. त्याची फेड कार्यक्रमाच्या दिवशी भर सभागृहात करावी लागली.

माझं ते पहिलं पत्र म्हणजे खरं तर एक ओळ होती: "कृपया आपला संक्षिप्त परिचय, छायाचित्र व नावाचा योग्य उच्चार कळवावा." अकरा वक्ते होते. एकाने सहा पानी बायोडेटा पाठवला, त्यात दहावीचे गुणसुद्धा होते. एकाने तीन शब्द पाठवले: "शिक्षक व लेखक." उच्चाराच्या बाबतीत आठ जणांनी काहीच लिहिलं नाही, दोघांनी "जसं लिहिलंय तसंच" असं कळवलं. उरलेल्या एका वक्त्या होत्या. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, सोयीसाठी लता म्हणूया. त्या रोमन लिपीत ते Latha असं लिहायच्या. त्यांचंही उत्तर तेच होतं, फक्त इंग्रजीत: स्पेलिंगप्रमाणे.

निवेदकाने स्पेलिंगप्रमाणेच वाचलं. "लथा." त्या उठल्या, माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "नमस्कार. मी लता." पुढे एक शब्द नाही, लगेच विषयाला सुरुवात. मी दुसऱ्या रांगेत खाली मान घालून बसले होते.

यात चुकलं कोण, यावर मी बरेच दिवस विचार केला. निवेदक नाही, कारण त्याला जे दिलं ते त्याने वाचलं. वक्त्याही नाहीत. तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू लोक नाव रोमनमध्ये लिहिताना 'त'साठी th वापरतात, कारण नुसता t त्यांच्याकडे बहुतेक वेळा 'ट' असतो. त्यांच्या हिशेबाने Latha हे 'लता'चं बिनचूक स्पेलिंग आहे. आपल्या डोळ्याला मात्र th दिसला की 'थ' ऐकू येतो. म्हणजे 'जसं लिहिलंय तसं' हे उत्तर त्यांच्यापुरतं खरं होतं आणि आमच्या काही कामाचं नव्हतं. चुकला होता तो माझा प्रश्न. स्वतःच्या नावात काही अवघड आहे हे माणसाला दिसतच नाही, ते त्याने जन्मभर ऐकलेलं असतं. त्यालाच 'उच्चार काय' असं विचारलं तर तो बिचारा दुसरं काय सांगणार?

आपलीच आडनावं बघा. Kale, Mane, Date, More, Gore. मराठी माणसाला यात काडीची शंका येत नाही. इंग्रजी निवेदकासमोर हीच यादी ठेवा, तो केल, मेन, डेट, मोअर, गोर असं वाचत जाईल, आणि प्रत्येक शब्द त्याच्या भाषेच्या नियमाने बरोबर असेल.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. आता पत्रात 'योग्य उच्चार कळवा' असं मी लिहीतच नाही. विचारते ते असं: "अनोळखी लोक आपलं नाव पहिल्यांदा वाचतात तेव्हा बहुतेक वेळा कुठे चुकतात?" या एका प्रश्नाने जेवढं काम केलं तेवढं बाकी कशाने केलं नाही. याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि ते लोक आवडीने लिहितात. "सगळे मला गीथा म्हणतात, मी गीता आहे." "आडनावातल्या zh चा लोक झ करतात, तो ळ च्या जवळचा आहे." हा तमिळ आणि मल्याळममधला zh एरवी मला कधी कळलाच नसता. आपण बिनधास्त झ म्हणून मोकळे झालो असतो.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी मागते. पहिली म्हणजे नाव देवनागरीत लिहून. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांनी तुकडे पाडून लिहायचं आणि ज्या तुकड्यावर जोर आहे तो मोठ्या अक्षरांत. डोनाल्ड कनूथ या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी स्वतःच्या संकेतस्थळावर हेच केलं आहे. आडनाव Knuth, आणि उच्चार कसा करायचा याचं उत्तर Ka-NOOTH. सुरुवातीचा K गिळायचा नाही आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर द्यायचा, हे दोन्ही त्या सात अक्षरांत आलं. एवढं साधं उत्तर मिळालं की निवेदक खूश.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. फोनवर दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण. त्यातही मी सुरुवातीला घोळ घातला होता. "कृपया नाव सावकाश उच्चारून पाठवा" असं लिहिलं. सावकाश सांगितलं की लोक शाळेतल्या श्रुतलेखनासारखं एकेक अक्षर सुटं करतात, आणि सुट्या अक्षरांत नाव मोडतं. जोर कुठे आहे ते कळत नाही, शेवटचा 'अ' म्हणायचा की गाळायचा तेही कळत नाही. आता मी एक वाक्य मागते: "नमस्कार, मी अमुक तमुक." नेहमीच्या वेगात, दोनदा. वाक्यात नाव आपसूक जसं यायचं तसं येतं. शिवाय फायलीत नाव आणि आवाज एकत्र राहतात. एकदा माझ्या फोनवर चौदा आवाज जमा झाले, सगळ्यांची फाईलनावं फोनने दिलेल्या तारखा आणि आकडे. कोणता कोणाचा हे लावताना अर्धी रात्र गेली. तेव्हापासून आलेली फाईल उघडायच्या आधी तिला वक्त्याचं नाव देते.

आवाज मागायला संकोच वाटत असेल तर आधी त्या व्यक्तीचं लिंक्डइनचं पान बघा. तिथे २०२० पासून नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत मुद्रित करून ठेवता येतो. सगळेच ठेवत नाहीत, पण ज्यांच्या नावाचं वारंवार वाटोळं होतं ते बहुधा ठेवतात.

देवनागरीत लिहून घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. आपल्या लिपीचीही एक खोड आहे. 'चार' या आकड्यातला च आणि 'चारा'मधला च वेगळे आहेत, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा यांतले ज वेगळे आहेत. लिहिताना मात्र एकच अक्षर. मराठी निवेदकाला चाफेकर हे आडनाव दिलं तर तो चाफ्यातलाच च लावेल. निवेदक हिंदी भाषक असेल तर चार आकड्यातला लावेल. अशा वेळी मी कागदावर अक्षराखाली टिंब देते आणि निवेदकाला तोंडी सांगते, 'टिंब असेल तिथे चारा'. परभाषेतली नावं असतील तर आवाजाला पर्याय नाही. आयरिश Siobhán हे साधारण 'शिव्हॉन' होतं आणि पोलिश Łukasz हे 'वूकाश'. स्पेलिंगकडे नुसतं बघून इथवर कोणी पोहोचत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. हे प्रश्न सगळ्यांना विचारा. 'अवघड' वाटणाऱ्या दोघा-तिघांनाच विचारलं तर त्यांना बरोबर कळतं की आपण वेगळे काढले गेलो. आणि कोणाचं नाव सोपं, हे आपण घरबसल्या ठरवू शकत नाही. लता यापेक्षा सोपं नाव कोणतं?

आता परिचयाकडे. 'संक्षिप्त' हा शब्द निरुपयोगी आहे. प्राध्यापकाला दोन पानं संक्षिप्त वाटतात, कवीला दोन ओळी. आकडा द्या. मी ८० शब्द मागते. मंचावर स्वच्छ, न धावता वाचलं तर ८० मराठी शब्दांना माझ्या घड्याळाने पाऊण मिनिट लागतं. त्याच्या पुढे गेलं की वक्ता स्वतःच अवघडून खुर्चीत हलायला लागतो. काही आयोजक पुस्तिकेसाठी १५० आणि मंचासाठी ५० असे दोन परिचय मागतात. माझा अनुभव असा की दोन मागितले की एकच येतो आणि तो मोठा येतो. एकच मागा.

परिचय तृतीय पुरुषी मागा, म्हणजे 'मी' नको. याला मराठीत एक जास्तीचं कारण आहे. 'करतात', 'शिकवतात' इथपर्यंत ठीक चालतं, पण 'गेले' की 'गेल्या' आलं की ती व्यक्ती 'ते' आहे की 'त्या' हे ठरवावंच लागतं. परदेशी नाव असलेल्या एका वक्त्यांचा परिचय इंग्रजीत आला होता, आणि त्यात he किंवा she एकदाही नव्हतं. भाषांतर करणाऱ्याने नावावरून अंदाज बांधला आणि पुस्तिकेत त्या बाईंचे 'ते' झाले. आता मी सरळ विचारते की उल्लेख 'ते' करू, 'त्या' करू, की आणखी काही. नावाआधी डॉ., प्रा., श्रीमती काय लावायचं, की काहीच लावायचं नाही, हेही त्याच ओळीत. कोणी पीएच.डी. असून डॉ. लावत नाही, कोणी लग्नानंतरचं आडनाव फक्त कागदोपत्री ठेवतं. अंदाज करण्यात शहाणपण नाही.

आणि शेवटी एक प्रश्न, जो मी फार उशिरा शिकले: "परिचयात काय येऊ नये?" लोक एरवी आपणहून सांगत नाहीत, पण विचारलं की सांगतात. जुनी नोकरी, ज्या संस्थेशी बिनसलं तिचं नाव, वीस वर्षांपूर्वीचा एक पुरस्कार ज्यामुळे अजून सगळे त्यांना तेवढ्यावरच ओळखतात. आपण जालावरून परिचय उचलतो तेव्हा नेमकं हेच उचलतो.

इतकं सगळं एका पत्रात मागायचं म्हणजे पत्र लांबतं, आणि लांब पत्राला उत्तर येत नाही. म्हणून माझं पत्र आता या बेताचं असतं:

"स.न.वि.वि.

परिसंवादातील आपल्या व्याख्यानाबद्दल आभार. आपला परिचय मंचावर नीट व्हावा म्हणून पुढील माहिती हवी आहे. सर्वच वक्त्यांना ही विनंती केली आहे.

परिचय: सुमारे ८० शब्द, तृतीय पुरुषी. सध्या आपण काय करता आणि या व्याख्यानाशी संबंधित आपलं एक काम, एवढं पुरेल. हाच मजकूर पुस्तिकेत छापला जाईल व निवेदक मंचावर वाचतील. कापावा लागल्यास कापलेला मजकूर आपल्याला आधी दाखवू. परिचयात येऊ नये असं काही असेल तर तेही कळवावं.

नाव: फलकावर व पुस्तिकेत जसं हवं तसं, दोन्ही लिप्यांत. आधी लावायची उपाधी, लावायची असल्यास. उल्लेख 'ते' की 'त्या'.

उच्चार: नाव प्रथमच वाचणारे लोक कुठे चुकतात? शक्य असल्यास 'नमस्कार, मी …' असं नेहमीच्या वेगात दोनदा म्हणून फोनवरून पाठवावं.

उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत मिळावं. न मिळाल्यास सोमवारी मी फोन करेन. पाच मिनिटांत सगळं विचारून घेईन."

शेवटचं वाक्य धमकी नाही, सोय आहे. निम्मे लोक शुक्रवारी उत्तर देतात, फोन टाळायला. उरलेल्यांना लिहायचा कंटाळा असतो पण बोलायचा नसतो. फोन उचलून ते स्वतःचं नाव सांगतात तेवढ्यात माझं अर्धं काम झालेलं असतं. पत्र कार्यक्रमाच्या चार आठवडे आधी जावं. त्याहून आधी पाठवलं तर लोक 'नंतर बघू' म्हणून विसरतात, उशिरा पाठवलं तर पुस्तिका छापायला गेलेली असते.

परिचय कापायचा कसा, ते लताबाईंच्याच उदाहरणाने सांगते. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना पुन्हा बोलावलं (त्या आल्या, हा त्यांचा मोठेपणा). विषय होता विहिरींच्या पाण्याची पातळी गावकऱ्यांनी स्वतः कशी मोजावी. त्यांच्याकडून आलेला परिचय २१० शब्दांचा होता आणि सुरुवात अशी: "भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यानंतर विविध राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत शोधनिबंध सादर करून…" विहीर आली ती सातव्या ओळीत: "गेली बारा वर्षे त्या दर महिन्याला ठराविक चाळीस विहिरींची पातळी मोजत आहेत."

ऐकणाऱ्याला हवं असलेलं वाक्य हेच होतं. ते वर घेतलं. पदवी दोन शब्दांत उरली, परिषदा गेल्या, समित्या गेल्या. कापून झाल्यावर उरलं ते असं:

"लता भूशास्त्रज्ञ आहेत. गेली बारा वर्षे त्या दर महिन्याला त्याच चाळीस विहिरींवर जातात आणि पाणी किती खाली आहे ते मोजतात. दोरी, वजन आणि वही एवढंच त्यांचं साहित्य. या नोंदींवरून पाऊस पडल्यावर कोणती विहीर किती दिवसांनी भरते हे त्या सांगू शकतात. मोजणी शिकवण्यासाठी त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली आहे. आज त्या ही मोजणी आपल्यासमोर करून दाखवणार आहेत."

मी हा मजकूर त्यांना आधी पाठवला. त्यांनी 'दोरी'च्या जागी 'मोजपट्टीची दोरी' केलं, बाकी तसंच ठेवलं. कापलेलं दाखवायचं ते यासाठी. त्यांना खुपलं असतं तर ते मंचावर नव्हे, मेलवर कळलं असतं.

आता निवेदकाचा कागद. ठळक, मोठ्या टायपात देवनागरीतलं नाव, तुकडे पाडून. त्या वर्षी मी जरा जास्तच हुशारी केली. आदल्या वर्षीची जखम ताजी होती, म्हणून कागदावर नावापुढे कंसात लिहिलं: लथा नव्हे. सराव करताना निवेदकाने कागद उचलला आणि पहिल्याच दमात म्हणाला, "यानंतर येत आहेत लथा…" डोळा कागदावरचा विचित्र शब्द आधी टिपतो, 'नव्हे' नंतर. मी ती ओळ तिथल्या तिथे काळ्या शाईने पुसली. चुकीचा उच्चार आयोजकाने स्वतःच्या वहीत ठेवावा. निवेदकाच्या कागदावर फक्त बरोबरचा जातो.

इतकं करूनही मंचावर जायच्या आधी एक खात्री उरते आणि ती निवेदकानेच करायची. वक्त्याला भेटून "आपलं नाव कसं म्हणू?" असं विचारायचं नाही, तो प्रश्न आपण चार आठवड्यांपूर्वी सोडवला आहे. परिचयाची पहिली ओळ त्यांच्यासमोर म्हणून दाखवायची आणि "बरोबर?" एवढंच विचारायचं. मग उत्तर कान देऊन ऐकायचं. "हो", "अगदी", "बरोबर" असं आलं तर झालं. "चालेल" आलं तर चुकलंय. माणसं भिडस्त असतात. दहा मिनिटांत मंचावर जायचं आहे, समोरचा इतक्या आस्थेने विचारतोय, आता याला कुठे दुरुस्त करत बसायचं, असा विचार करून ती 'चालेल' म्हणतात. हे मला आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवलं. त्या 'चालेल' ऐकलं की हसून म्हणायच्या, "चालेल नको, घरी काय म्हणतात ते सांगा." आणि मग खरं नाव बाहेर यायचं.

लताबाईंच्या वेळी निवेदकाने ओळ म्हटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "हो. लता."